हातातला बँड: बारकोडचा घ्यावा की आरएफआयडीचा? अनेक रात्रींच्या महोत्सवासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि मंडळांचे प्रश्नही यायला लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतून विचारणा असते, कारण आता एका रात्रीच्या तिकिटाऐवजी सलग दोन-तीन रात्रींचा पास काढायचा विचार बरीच मंडळं करताहेत. अशा पासवर माणूस मध्येच बाहेर जाऊन परत येणार, हे धरूनच चालावं लागतं. खालची उत्तरं तेवढ्याच गोष्टीपुरती आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय. समजा, वडशाजवळच्या एका गावात धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत मांडव घातलाय, भोवती टिनपत्रे ठोकलेत, दोन गेट आहेत, तीन रात्री नाटकं आहेत आणि २,००० पास विकलेत. तुमचा आकडा वेगळा असेल तर हिशेब त्या प्रमाणात करा.

१. बारकोड बँड आणि आरएफआयडी बँड यांत नेमका फरक काय?

बारकोड बँडवर छापलेली खूण असते. हल्ली ती बहुतेक ठिकाणी चौकोनी क्यूआर असते. ती कॅमेऱ्याला दिसावी लागते, म्हणजे बाही वर करायची, हात वळवायचा, उजेड पाडायचा. आरएफआयडी बँडमध्ये बारीक चिप आणि तारेचं वेटोळं असतं. त्याला बॅटरी नसते. रीडर जवळ आला की त्याच्याच लहरींतून चिपला वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. प्रवेशासाठीचे बहुतेक बँड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि हात रीडरपासून दोन-चार सेंटीमीटरवर आणावा लागतो. स्वेटरच्या बाहीतूनही वाचन होतं.

एवढ्यावर निवड मात्र ठरत नाही. दोन्ही बँड शेवटी एक नंबरच सांगतात. तो माणूस या क्षणी आत आहे की बाहेर, हे कुठे लिहून ठेवलंय, यावर पुनर्प्रवेशाची सगळी भिस्त असते. ते प्रश्न ४ आणि ५ मध्ये आहे.

२. लांबड नको. आम्ही कोणता घ्यावा?

दोन गेट, दोन-तीन हजार माणसं, तीन रात्री, असा मामला असेल तर क्यूआर छापलेला टायवेकचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकचा, बँड घ्या आणि वाचलेले पैसे कुंपण, उजेड आणि गेटवरच्या पोरांच्या जेवणावर घाला. आरएफआयडी घ्यावा अशी दोन कारणं मला खरी वाटतात. एक म्हणजे मध्यंतराला बरीच माणसं बाहेर जाणारच आहेत आणि रांगा वाढवायला जागा नाही (प्रश्न ६). दुसरं म्हणजे गेट इतकी लांब पसरलीत की त्यांना एकमेकांशी जोडता येत नाही (प्रश्न ५). यांपैकी काहीच नसेल तर, चिपचा बँड साध्या बँडच्या कितीतरी पट महाग असतो आणि तो खर्च शेवटी पासच्या किमतीत चढतो, एवढं ध्यानात ठेवा.

३. बाहेर जाताना हातावर शिक्का मारला तर?

एका रात्रीसाठी चालतो. तीन रात्रींसाठी नाही. ओला शिक्का एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर दाबून उतरवता येतो, ही युक्ती गावात सगळ्यांना येते. शिवाय अंघोळ केली की तो गेला.

४. आत येताना स्कॅन करतो ना? मग बाहेर जाताना पुन्हा कशाला?

बाहेरचा स्कॅन नसेल तर पुनर्प्रवेशात स्कॅनिंगला अर्थच उरत नाही. आत येतानाच स्कॅन होत असेल तर एकच कोड दुसऱ्यांदा आला की यंत्रापुढे दोनच वाटा उरतात. ‘वापरून झाला’ म्हणून सगळ्यांना अडवायचं किंवा ‘परत आला असेल’ म्हणून सगळ्यांना सोडायचं. लघवीला जाऊन आलेला म्हातारा आणि टिनाच्या फटीतून मित्राने दिलेला बँड घालून आलेला पोरगा, दोघंही त्याला सारखेच दिसतात.

बाहेर जाताना स्कॅन केला की पासची नोंद ‘आत’ची ‘बाहेर’ होते. आत येताना यंत्र एवढंच पाहतं की नोंद ‘बाहेर’ आहे का. मालक आत बसलेला असताना त्याचाच कोड गेटवर आला, तर तो तिथेच अडतो.

हा नियम बारकोडला लागू आहे तसाच आरएफआयडीलाही. चिप घेतली म्हणून बाहेरचा स्कॅन टळत नाही. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

बाहेरच्या रांगेत मात्र आडवा बांबू, साखळी, फिरतं दार असलं काही लावू नका. स्वयंसेवक बाजूला उभा राहून स्कॅन करेल. आग किंवा गडबड झाली तर माणसं न थांबता बाहेर पडली पाहिजेत. तशी वेळ आलीच, तर मागाहून सगळे पास एकदम ‘बाहेर’ करून टाकायचे.

५. आमच्याकडे रात्री मोबाइलला रेंजच नसते. मग स्कॅनिंग चालेल का?

चालेल, पण ते इंटरनेटवर टाकू नका. गर्दी जमली की आहे ती रेंजही जाते. मैदानातच आपलं छोटं जाळं उभं करायचं. एका गेटजवळ लॅपटॉप ठेवा, त्यात सगळ्या पासांची यादी भरा, त्याला एक वाय-फाय राउटर जोडा आणि सगळे स्कॅनर त्याच राउटरवर घ्या. लॅपटॉप आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. जनरेटर बदलताना दोन मिनिटं वीज गेली तरी राउटर बंद पडतो आणि तेवढ्यात दोन्ही गेट आंधळी होतात.

दुसरं गेट केबलने जोडायचं असेल तर साध्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. मैदानाला वळसा घालून अंतर अडीचशे मीटर भरत असेल तर मध्ये दोन नेटवर्क स्विच लागतील आणि त्यांना वीज लागेल. त्यापेक्षा समोरासमोर लावायचे वायरलेस जोडसंच बरे. ते मात्र माणसांच्या डोक्यांच्या वर, बांबूवर बांधा आणि मध्ये मांडवाचं टिन येऊ देऊ नका.

दोन्ही गेटवर एकच कोड एकाच सेकंदाला आला तर काय, असंही विचारतात. प्रोग्राम करणाऱ्याने आधी नोंद वाचून मग बदलली, तर त्या मधल्या फटीतून दोघंही आत जातील. तपासणी आणि बदल एकाच हुकमात हवेत:

```sql
UPDATE pass SET inside = 1
WHERE code = ? AND inside = 0;
```

एक ओळ बदलली तर हिरवा दिवा, शून्य बदलल्या तर लाल. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला ही ओळ दाखवा आणि त्याच्या प्रोग्राममध्ये असंच आहे का, ते विचारा.

गेट जोडणं जमतच नसेल तर बारकोडवाल्यांसाठी एक साधी तोड आहे. निम्मे बँड लाल, निम्मे पिवळे छापा. लाल बँडने फक्त पहिल्या गेटवरून ये-जा करायची, पिवळ्याने दुसऱ्या. मग प्रत्येक गेटला आपापली यादी पुरते आणि एकमेकांशी बोलायची गरज राहत नाही. ज्या टोल्याची माणसं ज्या बाजूने येतात, त्या बाजूचा रंग त्यांना द्या.

आरएफआयडीत आणखी एक सोय आहे. काही चिपांवर थोडं लिहिता येतं, म्हणजे ‘आत’ किंवा ‘बाहेर’ ही नोंद थेट बँडवर राहते आणि गेट जोडलेली नसली तरी चालतात. पण त्यासाठी लिहायला पासवर्ड लावलेला हवा, नाहीतर एनएफसी, म्हणजे अशा चिपा वाचायची सोय, असलेल्या कोणत्याही मोबाइलवरून ती नोंद बदलता येईल. आणि लिहिणं पूर्ण होईपर्यंत हात रीडरवर टेकलेला पाहिजे. घाईत हात ओढला की नोंद जुनीच राहते. गेटवाल्या पोराने बीप ऐकल्याशिवाय माणूस पुढे सोडायचा नाही. हे सगळं करायचं नसेल आणि चिपचा फक्त नंबरच वाचायचा असेल, तर जाळ्याची गरज बारकोडइतकीच राहते.

६. मध्यंतरात एकदम हजार माणूस उठतो. किती रांगा लागतील?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. विचारतात मात्र थोडेच.

आपल्या उदाहरणात २,००० प्रेक्षक आहेत. रात्री एकच्या सुमारास मध्यंतर झालं, वेळ वीस मिनिटं. चहाची, भज्यांची दुकानं आणि लघवीची सोय टिनपत्र्यांच्या बाहेर असेल तर निम्म्याहून जास्त लोक बाहेर जातील. १,२०० धरू. परतताना मात्र सगळे शेवटच्या दहा मिनिटांत येतात, कारण आतून पेटी-तबल्याचा आवाज आल्याशिवाय कुणी चहा सोडत नाही. म्हणजे मिनिटाला १२० माणसं.

क्यूआरला एका माणसामागे चार सेकंद धरा. शालीतून हात काढणं, बाही सारणं, खूण वर करणं, बीप. एका रांगेत मिनिटाला १५ माणसं. १२० माणसांना आठ रांगा लागतील. चिपला दोन सेकंद धरले तर मिनिटाला ३० आणि चार रांगा. हे सेकंद अंदाजाचे आहेत. आपल्याच पोरांना उभं करून, रात्री, स्वेटर घालून घड्याळ लावून बघा आणि तुमचा आकडा काढा.

आठ रांगा कुणाकडेच नसतात, म्हणून लोक लगेच आरएफआयडीकडे वळतात. त्याआधी मैदानाचा आराखडा काढा. चहाची चार दुकानं आणि स्त्री-पुरुषांच्या मुतारीची सोय टिनपत्र्यांच्या आत आणली तर बाहेर जाणारे तीनशेवर येऊ शकतात. मग मिनिटाला ३० माणसं, म्हणजे क्यूआरच्या दोन रांगा. प्रत्येक गेटवर एक! दुकानदारांना आत जागा दिल्याचं भाडंही मंडळाला मिळतं. चिपवर खर्च करण्याआधी ही फेरमांडणी जमते का ते बघावं, असं माझं ठाम मत आहे.

जागाच अशी असेल की दुकानं आत येऊ शकत नाहीत, तर मग चिप घ्यावी. तिथे तिचा पैसा वसूल होतो.

७. लोक बँड काढून दुसऱ्याला देतात. ते कसं थांबवायचं?

ते काम स्कॅनरचं नाही, बँडच्या कुलपाचं आहे. आरएफआयडी घेऊनही बँड सैल बांधला तर तो साबण लावून निघतोच.

टायवेकच्या बँडला चिकट टोक असतं आणि त्यात आडव्या-तिडव्या चिरा असतात. चिकटवल्यावर ओढला की तो चिरांवर फाटतो आणि परत नीट बसत नाही. कापडी बँडला प्लॅस्टिकचा एकाच दिशेने सरकणारा मणी असतो. त्यात दात असलेला मणी मागा. बिनदाताचा मणी सुईने मागे सारता येतो.

बँड मंडळाच्या टेबलावर मंडळाच्याच माणसाने बांधावा. घरी न्यायला देऊ नये. एक बोट आत जाईल इतका घट्ट असावा, त्याहून सैल नको. चिकट भाग कोरड्या मनगटावर बसतो, म्हणून तेल लावून आलेल्याचं मनगट आधी फडक्याने पुसून घ्या. आत येताना स्वयंसेवकाने बीपवरच विसंबून न राहता बोटाने जोड चाचपावा. “काकाजी, हात दाखवा जी,” म्हटलं की कुणी रागवत नाही.

८. क्यूआरचा फोटो काढून कुणी नकली बँड छापला तर? आणि आरएफआयडीची नक्कल होत नाही, हे खरं का?

क्यूआरची नक्कल मोबाइल असलेला कुणीही करू शकतो, हे धरूनच चाला. म्हणून तीन गोष्टी सांभाळा. मोबाइलच्या पडद्यावरचा किंवा कागदावरचा कोड कधीच स्कॅन करायचा नाही, मनगटावरचाच करायचा. बँडचा रंग आणि छपाई शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर दाखवू नका, जाहिरातीतही नको. आणि कोड ०००१, ०००२ असे क्रमाने देऊ नका. एक बँड पाहून पुढचे सगळे ओळखता येतात. सरमिसळ अक्षरं-आकडे घ्या.

आरएफआयडीबद्दलचा दावा चिपवर अवलंबून आहे. १२५ किलोहर्ट्झच्या स्वस्त चिपांची नक्कल सहज होते. मायफेअर क्लासिक या चिपचं कुलूप २००८ मध्येच संशोधकांनी फोडून दाखवलंय. जिथे फक्त चिपचा जन्मजात नंबर वाचला जातो, तिथे नंबर बदलता येणाऱ्या कोऱ्या चिपा वापरून नक्कल होते. डेसफायर किंवा एनटॅग ४२४ डीएनए यांसारख्या चिपा आपली ओळख गुप्त किल्लीने पटवतात. त्यांची नक्कल करणं फार अवघड, पण त्या महाग आहेत आणि रीडरचा प्रोग्रामही त्यांच्यासाठी खास लिहावा लागतो.

माझा सल्ला असा की नाटकाच्या पाससाठी या चिपांवर पैसे घालू नयेत. गावात चिपची नक्कल करणारा क्वचित भेटेल, बँड सैल बांधून भावाला देणारे मात्र दर रात्री भेटतील. आधी प्रश्न ७ पक्का करा.

९. क्यूआर किती मोठा छापावा? छपाई कशावर?

क्यूआरमध्ये वेबसाइटचा लांबलचक पत्ता भरू नका. दहा अक्षरांचा कोड ठेवा, इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे. तेवढा मजकूर सगळ्यात लहान क्यूआरमध्ये, म्हणजे २१ बाय २१ घरांच्या चौकोनात, दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी ठेवूनही मावतो. त्या पातळीला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. गुलाल, चिखल, भज्याचं तेल सगळं धरून एवढी सूट पुरते.

२५ मिलिमीटर रुंद बँडवर हा चौकोन १५ मिलिमीटरचा छापा आणि चारही बाजूंना चार-चार घरांएवढी, म्हणजे तीनेक मिलिमीटर, पांढरी जागा मोकळी सोडा. मंडळाचं बोधचिन्ह त्या जागेत घुसलं की स्कॅनर अडखळतो. छापणारा हे हमखास करतो, म्हणून पहिला नमुना बघितल्याशिवाय पुढची छपाई सोडू नका. जुन्या पद्धतीच्या उभ्या रेघांचा बारकोड बँडच्या लांबीत छापला तर मनगटाच्या गोलाईवर त्याची टोकं वळतात आणि वाचन होत नाही.

रिबन नसलेल्या उष्णतेच्या प्रिंटरची छपाई घामाने, घासण्याने आणि हात धुवायच्या सॅनिटायझरने फिकी पडते. तीन दिवसांसाठी रेझिन रिबनची छपाई मागा. आणि टायवेक ऑफिसच्या लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. तो साधारण १३५ अंशांना वितळतो आणि प्रिंटरच्या तापलेल्या रुळाला चिकटतो.

कोडखाली तोच कोड माणसाला वाचता येईल असा छापा. क्यूआर गेलाच तर हाताने टाइप करता येतो.

१०. बायकांच्या हातात बांगड्या असतात. बँड कुठे बांधायचा?

हा प्रश्न शहरातल्या विक्रेत्याला विचारला तर तो गोंधळतो, आपल्याकडे मात्र निम्म्या प्रेक्षकांचा आहे. दोन्ही हात भरलेले असतात, त्यामुळे ‘दुसऱ्या हातात बांधा’ म्हणून भागत नाही.

काचेच्या बांगड्या चिपला आड येत नाहीत. क्यूआरवर मात्र त्या घसरतात आणि खूण झाकतात. धातूच्या पाटल्या, गोठ, कडं यांनी चिपचं वाचन बिघडतं. धातू जवळ असला की रीडरच्या लहरी त्यातच जिरतात आणि चिपला पुरेशी वीज मिळत नाही. रीडर कधी वाचतो, कधी नाही, असं होत असेल तर आधी हातात धातू आहे का ते बघा.

दोन्हीवर उपाय एकच आहे. बँड बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला बांधायचा. तिथे हात जाड असतो, म्हणून लांब बँड मागवा. टेबलावर बँड बांधायला मंडळातल्या एखाद्या ताई किंवा मावशी बसल्या तर बायकांना संकोच वाटत नाही आणि बांधणंही नीट होतं.

११. टोलनाक्यावर फास्टॅग लांबूनच वाचलं जातं. तसंच माणसं नुसती चालत आत आली तर?

फास्टॅगही आरएफआयडीच आहे, पण वेगळ्या लहरींचं. ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि गाडीच्या काचेवर चिकटलेलं असतं. तीच चिप मनगटावर बांधली की शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. हात खिशात असेल, मूल कडेवर असेल, तर वाचन होईलच असं नाही. वाचलं तरी दहा माणसांच्या घोळक्यात कोणाचा बँड वाचला आणि कोणाचा राहिला, हे गेटवरच्या माणसाला कळत नाही. कुंपणाला टेकून आत बसलेल्याचा बँडही गेटवर वाचला जाऊन तो ‘बाहेर’ गेल्याची नोंद होऊ शकते. पुनर्प्रवेश असलेल्या ठिकाणी हे घेऊ नका.

१२. स्वस्तात आरएफआयडी बँड मिळताहेत. घ्यावेत का?

आधी १२५ किलोहर्ट्झ आहे की १३.५६ मेगाहर्ट्झ, ते विचारा. १२५ वाला मोबाइलवर वाचला जात नाही, म्हणजे रीडर बिघडला तर हाताशी दुसरा पर्याय उरत नाही. १३.५६ वाला एनएफसी असलेल्या मोबाइलवर वाचता येतो. पण कमी किमतीच्या पुष्कळ मोबाइलांत एनएफसी नसतं, तेव्हा गेटवरच्या पोरांचे मोबाइल आधी तपासा.

दुसरी अडचण गेटवर उभं राहिल्यावर उघडी पडते. दोन वेगळ्या कंपन्यांचे रीडर एकाच चिपचा नंबर वेगवेगळा दाखवू शकतात. एक दशमान आकड्यांत देतो, दुसरा सोळाच्या पद्धतीत, तिसरा उलट्या क्रमाने. मग पहिल्या गेटवर चाललेला बँड दुसऱ्या गेटवर ‘असा पासच नाही’ दाखवतो. माणूस प्रामाणिक, बँड खरा, आणि तरी लाल दिवा. सगळे रीडर एकाच जातीचे घ्या आणि आदल्या दिवशी तेच पाच बँड प्रत्येक रीडरवर लावून नंबर जुळतात का बघा.

१३. माणूस बाहेर उभा आहे आणि यंत्र ‘आत आहे’ म्हणतं. काय करायचं?

बहुतेक वेळा तो बाहेरचा स्कॅन न करता गर्दीतून निसटलेला असतो. त्याला रांगेत अडवून वाद घालू नका, मागची रांग तुंबते. बाजूला मदतीचं टेबल ठेवा आणि तिकडे पाठवा.

टेबलावर तीन गोष्टी बघायच्या. बँडचं कुलूप शाबूत आहे का. पास घेताना लिहिलेल्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे त्याला सांगता येतात का. शेवटची ‘आत’ची नोंद किती वेळापूर्वीची आहे. तासाभरापूर्वीची असेल तर माणूस निसटला असणार. दोनच मिनिटांपूर्वीची असेल तर तोच कोड घेऊन दुसरं कुणीतरी नुकतंच आत गेलंय, आणि मग बँडची छपाई खऱ्या नमुन्याशी ताडून बघायची. बँड आणि आकडे जुळले तर सोडा, पण कोडसमोर खूण करा. तोच कोड पुन्हा टेबलावर आला तर मंडळाच्या जबाबदार माणसाला बोलवा.

अर्ध्या रात्री टेबलावर अशी रांगच लागत असेल तर दोष प्रेक्षकांचा नसतो. बाहेरच्या गेटवरचा स्कॅनर बंद आहे किंवा तिथला पोरगा नाटक बघायला आत गेलाय. आधी तिथे जाऊन या.

१४. रात्री बारानंतर पास एकदम बाद दाखवायला लागले. असं का?

सॉफ्टवेअर शहरातल्या कार्यक्रमांसाठी लिहिलेलं असतं आणि त्यात दिवस मध्यरात्री संपतो. आपलं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. पहिल्या रात्रीचा एकदिवसीय पास घेतलेला माणूस मध्यंतराला बाहेर जाऊन आला, तोवर तारीख बदलली आणि यंत्राने पास मुदतबाह्य ठरवला.

सेटिंगमध्ये दिवसाची हद्द दुपारी बाराची करून घ्या. त्याच वेळी सगळे पास ‘बाहेर’ करायचे, कारण पहाटे नाटक सुटल्यावर हजार माणसांचा स्कॅन कुणी करत नाही आणि करूही नये. हे राहिलं तर दुसऱ्या संध्याकाळी सगळं गावच ‘आत’ दिसेल आणि प्रश्न १३ मधलं टेबल कोसळेल. विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर लॅपटॉपचं घड्याळ पुढे करून हे एकदा तपासा.

१५. बँड तुटला, भाजला किंवा बाळंतिणीने काढून ठेवला. नवा द्यायचा का?

तुटलेला बँड घेऊन आला तर जुना जमा करून घ्या, त्याचा कोड यादीत बंद करा, मग नवा बांधा. क्रम उलटा झाला तर थोडा वेळ दोन्ही चालू राहतात. बँड आणलाच नसेल तर मोबाइल नंबर जुळवून नवा द्या आणि थोडी फी ठेवा, म्हणजे ‘हरवला’ म्हणणारे कमी होतात. दवाखान्यात जावं लागलं किंवा हाताला सूज आली म्हणून बँड कापलेला असेल तर फी घेऊ नका.

चिपवरच ‘आत-बाहेर’ लिहिणारी पद्धत असेल (प्रश्न ५) तर बंद केलेल्या कोडांची यादी प्रत्येक गेटवरच्या यंत्रात नेऊन भरावी लागते. जोडलेलं नसलेलं गेट हरवलेला बँड ओळखणारच नाही.

१६. दोन्ही एकाच बँडवर घेता येतात का?

येतात. कापडी बँडवर चिप ज्या प्लॅस्टिकच्या चकतीत बसवलेली असते, तिच्यावर क्यूआर छापून मिळतो. चिप घेणारच असाल तर हे जरूर करा आणि विक्रेत्याकडून कोणत्या चिपचा नंबर कोणत्या क्यूआरशी जोडलाय याची एक्सेल यादी बँडांसोबतच मागा. ती यादी आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. नाहीतर २,००० बँड एकेक करून तुम्हालाच रीडरवर लावत बसावे लागतील.

१७. सगळंच बंद पडलं तर?

लॅपटॉप बंद पडला तर बाहेर जाणाऱ्याला हातोहात कागदी चिठ्ठी द्यायची आणि परत येताना बँड बघून चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठ्या प्रत्येक रात्री वेगळ्या रंगाच्या आणि त्यावर मंडळाचा शिक्का. प्रत्येक गेटवर तीनशे चिठ्ठ्या आधीपासून ठेवा आणि त्या गेटप्रमुखाच्या खिशात असू द्या. टेबलावर ठेवल्या की त्या वाटल्या जातात. जाळं परत सुरू झाल्यावर मध्यंतर चालू असेल तर तेवढ्यासाठी चिठ्ठीच चालू ठेवा. अर्धे लोक चिठ्ठी घेऊन गेलेले आणि अर्धे स्कॅन करून गेलेले असले की गेटवर कुणालाच काही कळत नाही. पडदा उघडला आणि गर्दी आत बसली की बाहेर चिठ्ठीवर राहिलेल्यांना टेबलावर घ्या, मग स्कॅनर चालू करा.